स्वल्पविराम ‘म्हणाला’च्या अलीकडे की पलीकडे?

आमच्या सांगली-सातारा भागात दिवाळी अंकांना काही तोटा नाही, तालुक्याच्या गावाला एखादा तरी निघतोच, आणि गणपती उठले की कथा यायला सुरुवात होते. कोणी वर्डची फाईल पाठवतं, कोणी व्हॉट्सॲपवर तुकड्या-तुकड्यानं टाकतं, कोणी अजून फुलस्केपवर लिहून त्याचा फोटो पाठवतं. कथा चांगल्या असतात हे आधीच सांगतो, आणि संवाद तर असे की माणूस समोर बसून बोलतोय. घोळ असतो तो चिन्हांचा. पहिल्या पानावर पात्रं दुहेरी अवतरणात बोलतात, तिसऱ्या पानावर एकेरीत, मधली दोन पानं डॅश टाकून बोलतात आणि शेवटी घरात रडारड सुरू झाली की सगळी चिन्हंच गळून पडतात. संपादक म्हणतात राहू द्या, लेखकाची शैली असेल. मी अंकाचं मुद्रितशोधन बघतो आणि माझं म्हणणं आहे की ही शैली नाही, हा नुसता विसर आहे, आणि तो छापायचा नसतो.

यावर नेहमीचं उत्तर येतं ते म्हणजे वाचणाऱ्याला कळतंय की, मग कशाला एवढं? बऱ्याच ठिकाणी कळतं, खरंय. पण जिथं कळत नाही तिथं वाचक चिन्हाला दोष देत नाही, तो कथा गुंतागुंतीची आहे म्हणतो नि पान उलटतो. आणि मराठीत हे इंग्रजीपेक्षा जास्त होतं, कारण चिन्हांवर मराठीत ओझं जास्त आहे. ते कसं ते एका उताऱ्यावरच दाखवतो. उतारा मी बनवलाय, पण यातली एकूण एक चूक मी खऱ्या कथांतून उचललेली आहे. रात्रीची वेळ आहे, शेतीची लाईट रात्रीची आहे, बापलेक विहिरीवर आहेत.

आण्णा म्हणाले "मोटर चालू केलीस का"?

‘व्हय.’ दीपक म्हणाला,

- मग पाणी का येईना?

"फुटव्हॉल्व्ह अडकलाय वाटतं", तो म्हणाला, "मिस्त्रीला फोन लावलावता. तो म्हणला मी सकाळी येतो म्हणून."

"बस," आण्णांनी टोपी काढली. --सकाळपर्यंत लाईट कुठं राहतीया--

पाच ओळी, आणि बोलणं दाखवायच्या तीन पद्धती. दुहेरी, एकेरी, डॅश. शेवटच्या ओळीत तर डॅशचा अर्थच कळत नाही, आण्णा हे बोलले का मनात म्हणाले का लेखकच म्हणतोय?

पहिली ओळ घ्या. ‘म्हणाले’च्या पुढं स्वल्पविराम नाही आणि प्रश्नचिन्ह अवतरणाच्या बाहेर पडलंय. प्रश्न आण्णांचा आहे, लेखकाचा नाही, म्हणून ते चिन्ह आण्णांच्या बोलण्याबरोबर आत पाहिजे. आण्णा म्हणाले, “मोटर चालू केलीस का?” एवढं सरळ आहे. उलट लेखक स्वतःच विचारत असेल तर बाहेर: आण्णा खरंच “लाव मोटर” असं म्हणाले होते का? इथं प्रश्न सगळ्या वाक्याचा आहे. चिन्ह ज्याचं त्याच्या घरात, एवढा एकच नियम पाळला तरी अर्धा घोळ मिटतो.

आता स्वल्पविरामाचं बघू, खरं भांडण तिथं आहे. “व्हय,” दीपक म्हणाला. का “व्हय”, दीपक म्हणाला. छापील मराठीत दोन्ही सापडतात, चांगल्या प्रकाशकांच्या पुस्तकांतसुद्धा. मी आतला घेतो. कारण हे की प्रश्नचिन्ह आत, उद्गारचिन्ह आत, मग एकटा स्वल्पविराम बाहेर कशाला उभा करायचा. बोलणं जिथं थांबतं तिथलं चिन्ह, कोणतंही असो, आत. लक्षात ठेवायला सोपं आणि तपासायला तर फारच सोपं. ज्याला बाहेरचा ठेवायचाय त्यानं ठेवावा, माझं भांडण नाही, फक्त शेवटच्या पानापर्यंत बाहेरच ठेवावा. एखादा सुटा शब्द अवतरणात असला तर गोष्ट वेगळी: लोक त्याला ‘मास्तर’, ‘गुरुजी’, काहीही म्हणत. तिथं स्वल्पविराम बाहेरच्या वाक्याचा आहे, तो बाहेरच राहणार.

दीपकच्या त्या दुसऱ्या ओळीत आणखी एक आहे. ‘व्हय.’ असा आत पूर्णविराम दिला आणि ‘म्हणाला’पुढं स्वल्पविराम देऊन वाक्य लोंबकळत सोडलं. लिहिणाऱ्याच्या डोक्यात पुढचं बोलणं दीपकचंच होतं का? मी पहिल्यांदा वाचताना तसंच धरलं असतं, ‘मग पाणी का येईना’ हे दीपकच म्हणतोय असं. पुढच्या ओळीला कळतं की ते आण्णांचं होतं. एका स्वल्पविरामानं बोलणारा माणूस बदलला.

आणि इथंच मराठीचं वेगळेपण येतं. इंग्रजीत नवं वाक्य सुरू झालं की पहिलं अक्षर मोठं असतं, त्यामुळं चिन्ह चुकलं तरी अक्षर सांगतं की नवीन सुरुवात झाली. देवनागरीत लहान-मोठं अक्षर नाही. “फुटव्हॉल्व्ह अडकलाय वाटतं,” तो म्हणाला, “मिस्त्रीला फोन लावलावता.” असं लिहिलं तर अर्थ होतो की दोन्ही मिळून एकच वाक्य आहे, मधे नुसता ‘तो म्हणाला’ घुसवलाय. पण ती दोन वाक्यं आहेत. म्हणून ‘तो म्हणाला’पुढं पूर्णविराम पाहिजे: “फुटव्हॉल्व्ह अडकलाय वाटतं,” तो म्हणाला. “मिस्त्रीला फोन लावलावता.” आणि खरंच एक वाक्य तोडलं असेल तेव्हाच स्वल्पविराम: “मी खाली उतरतो,” तो म्हणाला, “पण बॅटरी तू धर.” या दोन्हींतला फरक दाखवायला आपल्याकडं त्या एका चिन्हाशिवाय दुसरं काहीच नाही. तेच ढिसाळ झालं तर वाचकाला बोलण्याची लय कळणार कुठून?

“बस,” आण्णांनी टोपी काढली. हे तर मला प्रत्येक कथेत सापडतं. टोपी काढणं म्हणजे बोलणं नव्हे. ‘म्हणाला, विचारलं, ओरडला, पुटपुटली’ ही बोलण्याची क्रियापदं, त्यांच्या आधी स्वल्पविराम. हसणं, उठणं, टोपी काढणं, तंबाखू मळणं ही नुसती कृती, तिच्या आधी बोलणं पूर्णविरामानं बंद करायचं: “बस.” आण्णांनी टोपी काढली. ‘हसला’ हे मधलंच आहे, “जा की,” तो हसला, असं लोक लिहितात नि मी कधी सोडतो कधी धरतो. खरं सांगायचं तर धरायला पाहिजे.

आता मिस्त्री. तो म्हणला मी सकाळी येतो म्हणून. इथं बोलण्यात बोलणं आहे, आणि इंग्रजीतला नियम सांगतो की आतल्याला एकेरी अवतरण द्या. अलीकडचे मुद्रितशोधक लगेच देतात: “तो म्हणला, ‘मी सकाळी येतो’ म्हणून.” मी देत नाही. कारण त्या वाक्यात बोलणं कुठं संपलं ते दीपकनं तोंडानंच सांगितलंय, ‘म्हणून’ म्हणून. मराठी वाक्याला अवतरणाची गरज छापखाना आल्यावर लागली, त्याच्या आधी मोडीत तर दोन शब्दांमधे जागासुद्धा सोडत नव्हते, तरी जुन्या पत्रांत कोण काय बोललं ते कळायचं, कारण बोलणं संपलं की ‘ऐसे’ किंवा ‘म्हणोन’ यायचं. आपलं ‘असं’ नि ‘म्हणून’ तेच काम आजही करतात. एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांनी इंग्रजीतली विरामचिन्हं मराठीत रुळवली, ती आली ते बरंच झालं, पण चिन्हं आली म्हणून वाक्याची चाल इंग्रजी झाली नाही. आणि नियम मात्र आपण इंग्रजीच्या गाईडातून उचलतो जिथं ‘असं’ नावाची चीजच नाही.

म्हणून माझा आग्रह असा की बोलण्यानंतर ‘असं’, ‘असे’ किंवा ‘म्हणून’ आलं तर आत स्वल्पविराम द्यायचा नाही. “मी येतो” असं तो म्हणाला. इथं “मी येतो,” असं तो म्हणाला, हे मला खटकतं, कारण ‘असं’ त्या बोलण्याला धरूनच आहे, वाचताना तिथं कोणी थांबत नाही. मोठ्यानं वाचून बघा. “मी येतो,” तो म्हणाला, इथं आवाज टेकतो. “मी येतो” असं तो म्हणाला, इथं आवाज सरळ पुढं जातो. याउलट ‘असं’ न घालता स्वल्पविरामही खाल्ला, “मी येतो” तो म्हणाला, तर वाक्य चालता चालता अडखळतं.

याच्या शेजारचं ‘की’चं प्रकरण त्याहून अवघड आहे. दादा म्हणाले की माझी सही चालणार नाही. आता कथा जर ‘मी’नं सांगितलेली असेल, सोसायटीच्या कर्जाची कथा आहे समजा, तर सही कोणाची चालणार नाही? दादांची का सांगणाऱ्याची? इंग्रजीत दुसऱ्याचं बोलणं सांगताना ‘मी’चा ‘तो’ करावाच लागतो. मराठीत ती सक्ती नाही, आपण ‘की’ लावूनसुद्धा त्याचा ‘मी’ तसाच ठेवतो, आणि बोलताना आवाजावरून कळतं. कागदावर आवाज नसतो. दादा म्हणाले, “माझी सही चालणार नाही.” असं लिहिलं की सही दादांची, विषय संपला. आणि सही सांगणाऱ्याची असेल तर: माझी सही चालणार नाही असं दादा म्हणाले, हेही पुरत नाही, परत दोन्ही अर्थ निघतात. तिथं दादांच्या तोंडचं थेट वाक्यच घ्यावं लागतं: दादा म्हणाले, “तुझी सही चालणार नाही.” म्हणजे अवतरण इथं नटवायला नाही, सही कोणाची ते ठरवायला आहे. मग ‘की’ आणि अवतरण दोन्ही एकदम वापरायचं का, दादा म्हणाले की, “माझी सही...” असं? असं पुष्कळ जण लिहितात. मी नाही करत, दोन दारं कशाला. ‘की’ घेतला तर अवतरण नाही, अवतरण घेतलं तर ‘की’ काढून स्वल्पविराम. ‘मी’चा गोंधळ होणार असेल तर अवतरणच घ्यायचं.

संबोधनाचा स्वल्पविराम शाळेत सगळ्यांनी घोकलेला असतो आणि कथेत सगळ्यात आधी तोच खाल्ला जातो. पुण्याकडं ‘तुम्ही जेवलात का’ म्हणतात, तिथं शेवटचा ‘त’ असतो. आपल्याकडं ‘तुम्ही जेवला का’ असंच बोलतात. म्हणजे सून सासऱ्याला विचारते: “आण्णा, जेवला का?” हे झालं आदरानं. यातला स्वल्पविराम काढा. “आण्णा जेवला का?” आता ती सासऱ्याबद्दल तिसऱ्याच कोणाला तरी विचारतीया, आणि तेही एकेरीत! ज्या घरात सासऱ्यापुढं पदर सावरून उभं राहतात त्या घरातली सून कागदावर सासऱ्याला अरेतुरे करून बसते, का तर टाईप करणाऱ्यानं एक टिंब-शेपटी खाल्ली. आपल्या बोलीत लिहिणाऱ्यानं तरी हा स्वल्पविराम जपायला पाहिजे, प्रमाण भाषेत लिहिणाऱ्याला तो ‘त’ तरी वाचवतो.

उलट शेपटाला लागणाऱ्या रं, गं, की, लेका यांच्या आधी मी स्वल्पविराम घालत नाही. “चल लेका.” “आलो की रं.” तिथं शाळेच्या नियमानं “चल, लेका” केलं तर बोलण्यातली सगळी मजा गेली. नाव किंवा नातं वाक्याच्या सुरुवातीला आलं तर स्वल्पविराम, शेवटी चिकटून आलं तर कानाला विचारायचं. हा कडक नियम नाही, मान्य आहे, पण कथेत एकदा “चल लेका” आणि एकदा “चल, लेका” नको.

आता डॅश. डॅशनं संवाद लिहायला माझा विरोध नाही. ओळीच्या सुरुवातीला डॅश, मग बोलणं, पुढची ओळ दुसऱ्याचं. झटपट चालणाऱ्या संवादाला, विशेषतः पारावर चार माणसं एकमेकांची टर उडवतायत अशा ठिकाणी, फार छान दिसतं. त्याची मर्यादा एकच आहे पण मोठी आहे. डॅशला सुरुवात आहे, शेवट नाही.

– व्हय दीपक म्हणाला नि खाली उतरला.

यात बोलणं कुठं संपलं? ‘व्हय’ला? का ‘व्हय दीपक’ असं दुसराच कोणी म्हणाला? म्हणून डॅश घेतला तर त्या ओळीत ‘म्हणाला’ आणायचाच नाही, बोलणारा कोण ते आधीच्या ओळीत सांगून मोकळं व्हायचं. ज्याला प्रत्येक बोलण्याला ‘असं म्हणत तो उठला’ जोडायचंय त्यानं डॅशच्या वाटेला जाऊ नये. शिवाय वर्डमध्ये ओळीच्या सुरुवातीला साधी आडवी रेघ नि स्पेस दिली की त्याची बुलेटची यादी होते, व्हॉट्सॲपवरही तसंच, आणि मग आण्णा नि दीपकचं भांडण किराणा मालाच्या यादीसारखं दिसतं.

डॅशचं दुसरं काम, बोलणं मधेच तुटणं, ते मात्र मला ठेवावंसं वाटतं, पण टिंबांपासून वेगळं. दुसऱ्यानं तोडलं तर डॅश: “पण आण्णा, मी तर—” “गप बस!” आपणच गळपटलो तर तीन टिंबं: “पण आण्णा, मी तर...” आमच्याकडं येणाऱ्या कथांत टिंबं पाच असतात, सात असतात, दुःख वाढेल तशी वाढत जातात. तीनच. आणि जोडशब्दातली आखूड रेघ, आई-वडील, येता-जाता, ती वेगळी, तिच्या दोन्ही बाजूंना जागा सोडायची नाही. संवाद तुटल्याचा डॅश लांब पाहिजे, दोन आखूड रेघा शेजारी-शेजारी नकोत.

अवतरण अजिबातच नको म्हणणारे लेखकही असतात आणि त्यांचा मुद्दा मी हलक्यात घेत नाही. ते म्हणतात, आमचं निवेदन प्रमाण भाषेत आहे, पात्रं बोलीत बोलतात, मग कोण बोलतंय ते भाषेवरूनच कळतं, चिन्हं कशाला. बरोबर आहे, साहित्य महामंडळाच्या लेखनाच्या नियमांतसुद्धा पात्राच्या तोंडी बोलीतली रूपं चालतात. आण्णा खाली वाकले. काय दिसतंय रं. काय न्हाय. यात काहीच अडत नाही. अडतं कधी, तर तलाठी नाहीतर शाळेतले गुरुजी कथेत आले की. ते प्रमाण भाषेत बोलतात. गुरुजी आत आले. या मुलाला शिकवलं पाहिजे. हे गुरुजी बोलले का लेखक? तिथं ती सगळी योजना कोसळते. आणि दुसरं, निवेदकच बोलीत बोलत असेल, ‘मी तवा धा वरसाचा आसंन’ अशी कथा असेल, तर निवेदन नि संवाद यांच्यात भाषेची भिंतच नाही. म्हणून चिन्हं टाकायची नसतील तर आधी बघावं की कथेत प्रमाण बोलणारं पात्र येतंय का, निवेदक कोणत्या भाषेत आहे. दोन्ही बाजू सुरक्षित असतील तर खुशाल टाकू नयेत, पण मग पाचव्या पानावर अचानक अवतरणं उगवू नयेत.

‘ग्रामीण बोलीला पुणेरी चिन्हं कशाला’ हेही ऐकून झालंय. पुण्याचा काही संबंध नाही. महामंडळाचे नियम, 1962 चे चौदा नि 1972 चे चार मिळून अठरा, ते अनुस्वार नि ऱ्हस्व-दीर्घाचे आहेत, संवादातला स्वल्पविराम आत का बाहेर हे त्यांत नाहीच. शाळेचं व्याकरण दुहेरी अवतरण बोलणाऱ्याच्या शब्दांना आणि एकेरी जोर द्यायच्या शब्दाला एवढं सांगून थांबतं. इंग्रजीत तरी कुठं एकमत आहे, अमेरिकेत बोलण्याला दुहेरी नि ब्रिटिश पुस्तकांत बऱ्याचदा एकेरी. म्हणजे वरून येणारा हुकूम नाही, ज्यानं त्यानं आपल्या अंकापुरतं ठरवायचंय, आणि तेच आपण करत नाही.

तपासायचं कसं हेही सांगतो, कारण नुसतं वाचून हे सापडत नाही. कथा चांगली असली की आपण कथेत शिरतो, दुसऱ्या पानानंतर डोळ्याला चिन्हं दिसतच नाहीत. म्हणून पहिली फेरी वाचायची नाही, शोधायची. मी लिब्रेऑफिस वापरतो, कारण वर्डच्या साध्या शोधात सरळ नि वळणदार अवतरण एकच धरलं जातं, काय कुठलं आहे ते वेगळं कळत नाही. लिब्रेऑफिसच्या शोधाच्या खिडकीत रेग्युलर एक्स्प्रेशन चालू करायचं नि यातली एकेक ओळ टाकायची:

```
"
(म्हणाला|म्हणाली|म्हणाले) [“‘]
[”’],
,” (असं|असे|म्हणून)
“[^”]*(“|$)
(^|”)[^“”]*”
—“
```

पहिली ओळ राहिलेली सरळ दुहेरी अवतरणं दाखवते, ती फोनवर टाईप केलेल्या मजकुरात असतातच (बऱ्याच फोनांत ती कळ दाबून धरली की वळणदार मिळतात, पण कोण दाबून धरतंय). दुसरी ‘म्हणाला’पुढचा खाल्लेला स्वल्पविराम. तिसरी बाहेर पडलेला स्वल्पविराम, त्यात ते सुट्या शब्दांचे बरोबर असलेलेही येतात, ते डोळ्यानं सोडायचे. चौथी ‘असं’च्या आधीचा फालतू स्वल्पविराम. पाचवी उघडलेलं पण त्या परिच्छेदात बंद न झालेलं अवतरण, सहावी न उघडताच बंद केलेलं. सातवी वर्डची खोड आहे: डॅशनंतर अवतरण टाईप केलं की ते बंद व्हायच्या ऐवजी उलटं उघडतं, “पण मी तर—“ असं, आणि छापल्यावर कोणाला दिसतही नाही. तुमची पद्धत एकेरीची असेल तर या ओळींत चिन्हं अदलाबदल करून घ्या. बोलीत ‘म्हणला’, ‘म्हनला’ लिहिलेलं असेल तर तेही कंसात घाला, नाहीतर ते निसटतात.

पाचव्या ओळीत एक प्रामाणिक अपवाद सापडतो. एखादं पात्र तीन परिच्छेद सलग बोलतं तेव्हा जुन्या पद्धतीनं प्रत्येक परिच्छेदाला अवतरण उघडायचं आणि बंद फक्त शेवटच्याला करायचं. नियम बरोबर आहे पण आजच्या वाचकाला ती छपाईची चूक वाटते. मी लेखकाला सुचवतो, मधे आण्णांना पान तरी खाऊ द्या, बोलणं आपोआप तुटेल.

यंत्राला जे कळत नाही ते दुसऱ्या फेरीत, मोठ्यानं वाचून. ‘तो म्हणाला’पुढं स्वल्पविराम का पूर्णविराम, टोपी काढणं का बोलणं, आण्णा जेवला का आण्णा, जेवला. यासाठी दोन माणसं असली तर बरं, एक वाचतो नि दुसरा कागदाकडं न बघता सांगतो की आता कोण बोललं. जिथं तो चुकतो तिथं खूण करायची.

हे सगळं करून वरचा उतारा असा होतो.

आण्णा म्हणाले, “मोटर चालू केलीस का?”

“व्हय,” दीपक म्हणाला.

“मग पाणी का येईना?”

“फुटव्हॉल्व्ह अडकलाय वाटतं,” तो म्हणाला. “मिस्त्रीला फोन लावलावता. तो म्हणला मी सकाळी येतो म्हणून.”

“बस.” आण्णांनी टोपी काढली. सकाळपर्यंत लाईट कुठं राहतीया...

एक शब्द बदललेला नाही. ‘लावलावता’ तसंच आहे, ‘म्हणला’ तसंच आहे, बोलीला हात लावलेला नाही. शेवटची ओळ मात्र मी माझ्या मनानं ठरवू शकत नाही. ती आण्णांनी मोठ्यानं म्हटली असेल तर अवतरणात जाईल आणि दीपकनं ती ऐकली असा अर्थ होईल, मग पुढं दीपक विहिरीत उतरायची घाई का करतो ते लागतं. मनातली असेल तर दीपकला ते माहीत नाही नि त्याची घाई त्याची स्वतःची. म्हणजे चिन्हानं कथा बदलते, आणि असं जिथं असेल तिथं लेखकाला फोनच करावा लागतो. मनातल्या बोलण्याला मी चिन्ह देत नाही, नुसतं ठेवतो. काही जण एकेरी अवतरण देतात, तेही चालतं, फक्त मग एकेरी दुसऱ्या कशाला वापरताना जपावं लागतं.

माझी मागणी मोठी नाही. कथा मागवताना आपण शब्दमर्यादा छापतो, शेवटची तारीख छापतो, फोटो पाठवा म्हणतो. त्याच्याच खाली चार ओळी वाढवाव्यात: बोलण्याला दुहेरी वळणदार अवतरण, ‘म्हणून’नं न मिटलेल्या आतल्या बोलण्याला एकेरी, थांबायचं चिन्ह आत, ‘असं’ आणि ‘म्हणून’च्या आधी स्वल्पविराम नाही, तुटलं तर डॅश नि गळपटलं तर तीन टिंबं. यंदा आमच्या अंकाच्या आवाहनात हे टाकायचं ठरलंय. ज्याला डॅशनंच लिहायचंय किंवा चिन्हंच नकोत त्यानं कथेच्या वर तसं एका ओळीत लिहून पाठवावं, आम्ही शेवटच्या पानापर्यंत तेच ठेवू.